तबल्यावर थाप आधी पडते, आवाज मागून येतो

ठाण्यात दिवाळी पहाटेचे कार्यक्रम अंधारात सुरू होतात आणि चांगलं उजाडल्यावर संपतात. सोसायटीतला कुणीतरी पहिल्या रांगेतून फोनवर गाणं रेकॉर्ड करतो, ड्राइव्हवर टाकतो, आणि ग्रुपमधला ‘एडिटिंग येणारा’ माणूस ते डाउनलोड करून सॉफ्टवेअरमध्ये ओढतो. फोनवर पाहताना व्हिडिओ अगदी व्यवस्थित असतो. टाइमलाइनवर मात्र दुसऱ्या मिनिटापर्यंत तबलजीची थाप आधी दिसते आणि आवाज मागाहून येतो. दोष फोनवर ढकलला जातो, कधी कॉम्प्युटरवर. खरं तर फाइल बिघडलेली नसते, वाचणाऱ्याने ती चुकीची वाचलेली असते.

साधारणपणे फोन सेकंदाला 30 चित्रं, म्हणजे फ्रेम, टिपतो. तेव्हा एका फ्रेमसाठी प्रकाश गोळा करायला जास्तीत जास्त 1/30 सेकंद मिळतो. पहाटेच्या अंधारात तो अपुरा पडतो, म्हणून बरेच फोन न विचारता सेकंदाला 24 फ्रेमवर उतरतात. प्रत्येक फ्रेमला 25 टक्के जास्त वेळ मिळतो आणि चित्र जरा उजळ होतं. उजाडलं की फोन पुन्हा 30 वर जातो. अशा एकाच फाइलमध्ये दोन वेग नांदतात, आणि तिला व्हेरिएबल फ्रेम रेटची फाइल म्हणतात. स्क्रीन रेकॉर्डिंग आणि व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंगही बहुतेक याच जातीचं असतं, फक्त तिथे कारण अंधार नसून मशीनवरचा ताण किंवा नेटवर्क असतं.

फोन यात लबाडी करत नाही. कोणती फ्रेम किती वेळ दाखवायची हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं. सेकंदाचे 90000 भाग धरले, तर 30 च्या वेगाची फ्रेम 3000 भाग टिकते आणि 24 च्या वेगाची 3750 भाग. व्हिडिओ प्लेअर हे टिपण वाचतो, म्हणून तिथे सगळं जुळतं. एडिटिंगची टाइमलाइन मात्र सारख्या अंतराच्या घरांची बनलेली असते. काही सॉफ्टवेअर फ्रेमवरची वेळ न बघता त्या घरांत ओळीने फ्रेम भरत जातात. टाइमटेबल न पाहता, दर चार मिनिटांनी लोकल येतेच असं धरून ठाणे स्टेशनवर घड्याळ लावण्यासारखं आहे हे. आवाजाला ही अडचण येत नाही. सेकंदाला 48000 नमुने, आणि अंधार असो वा उजेड, त्यात बदल होत नाही.

आता एक क्लिप मांडून बघू. लांबी पाच मिनिटं, म्हणजे 300 सेकंद. पहिली दोन मिनिटं अंधार, वेग 24, म्हणून 2880 फ्रेम. पुढची तीन मिनिटं उजेड, वेग 30, म्हणून 5400 फ्रेम. एकूण 8280. सॉफ्टवेअरने सरसकट 30 चा वेग धरला, तर चित्र 276 सेकंदांत संपतं आणि आवाज 24 सेकंद मागे उरतो. ही चूक निदान लपत नाही.

फसवी चूक वेगळीच आहे. काही सॉफ्टवेअर सरासरी काढतात: 8280 भागिले 300, म्हणजे 27.6. आता चित्र आणि आवाज दोन्ही बरोबर 300 सेकंदांचे होतात. सुरुवात जुळते, शेवटही जुळतो, आणि घाईत असलेला माणूस नेमकं तेवढंच तपासतो. पण अंधारातल्या 2880 फ्रेम 27.6 च्या वेगाने 104 सेकंदांतच संपलेल्या असतात. म्हणजे दुसऱ्या मिनिटाच्या टोकाला चित्र जवळजवळ 16 सेकंद पुढे पळालेलं असतं. तिथून ते हळूहळू मागे पडत शेवटी आवाजाला येऊन मिळतं. म्हणून माझा आग्रह असा की क्लिप तपासायची ती मधोमध. गायकाच्या ओठांपेक्षा तबल्याची थाप बघा, कारण तिचा क्षण नेमका पकडता येतो. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये हा फरक एखाद्या सेकंदाचा किंवा त्याहून कमी असला, तरी तोही खटकतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज 45 मिलिसेकंद आधी किंवा 125 मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला कळू लागतं.

फरक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकसारखा असेल, तर मात्र दोषी फ्रेम रेट नाही. आवाजाची पट्टी तेवढी सरकवली की काम झालं. फरक वाढत जात असेल किंवा कमीजास्त होत असेल, तर फाइल तिची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या MediaInfo या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि Frame rate mode समोर Variable लिहिलंय का ते पाहा. नुसत्या त्या शब्दाने घाबरायचं कारण नाही. खाली किमान 29.9 आणि कमाल 30.1 असं काही असेल तर ती किरकोळ थरथर आहे, एवढ्यावरून आवाज मिनिटागणिक मागे पडत नाही. किमान 24 आणि कमाल 30 दिसलं की उपाय करावाच लागतो.

उपाय म्हणजे टाइमलाइनवर टाकण्याआधी फाइल एकसमान वेगाची करून घेणं. कमांड लिहून व्हिडिओ बदलणारं ffmpeg वापरणाऱ्यांना एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i pahat.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy pahat_cfr.mp4
```

यात fps=30 प्रत्येक फ्रेमची मूळ वेळ वाचतं आणि जिथे घर रिकामं राहतं तिथे आधीची फ्रेम पुन्हा ठेवतं. आपल्या क्लिपमध्ये अंधारातल्या दर चार फ्रेमच्या पाच होतात. 2880 च्या 3600, आणि एकूण 9000, म्हणजे बरोबर 300 गुणिले 30. आवाजाला हात लागत नाही. crf 18 मुळे चित्राचा दर्जा डोळ्यांना फरक जाणवणार नाही इतपत टिकतो, फाइल मात्र फुगू शकते. चित्र नव्याने एन्कोड न करता, नुसतं -c copy लिहून हे जमणार नाही, कारण मग नवी फ्रेम घालायला जागाच नसते. आणि `-r 30` हे `-i` च्या आधी लिहू नका. तिथे त्याचा अर्थ ‘फाइलमधल्या वेळा विसर आणि 30 धर’ असा होतो, म्हणजे जो घोटाळा निस्तरायचा तोच पक्का होतो.

कमांड नको असेल तर बटणांवर चालणारं HandBrake हे सॉफ्टवेअर आहे. त्यात Video टॅबमध्ये Framerate 30 ठेवून खालचा Constant Framerate हा पर्याय निवडायचा. Fast 1080p30 या प्रीसेटच्या नावात 30 आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण त्यात Peak Framerate निवडलेला असतो. तो फक्त 30 ची कमाल मर्यादा घालतो, 24 चा भाग तसाच ठेवतो.

हे काम कट करण्याआधीच उरकायचं. अर्धं एडिटिंग झाल्यावर जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवली, तर मधल्या फ्रेमचे क्रमांक बदललेले असतात आणि नीट बसवलेले कट इकडेतिकडे सरकतात. व्हिडिओ कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजातही खंड पडलेले असू शकतात. अशा वेळी आवाज कॉपी करून भागत नाही. `-c:a copy` काढून `-af aresample=async=1 -c:a aac` लिहिलं की त्या खंडांत शांतता भरली जाते.

पुन्हा ठेवलेल्या फ्रेमची किंमत मोजावी लागते. कॅमेरा मंचावरून सावकाश फिरवलेला असेल, तर अंधारातल्या भागात तो किंचित अडखळताना दिसतो. त्यावर नंतर सोपा इलाज नाही, पुढच्या वर्षी रेकॉर्ड करणाऱ्यालाच सांगायला हवं. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये Camera, मग Record Video, आणि तिथे Auto FPS बंद करायचं. उजाडेपर्यंत चित्र थोडं काळपट येईल, पण वेग 30 वरून हलणार नाही.