फ्लूमध्ये शरीर कोरडं पडतंय, हे ओळखायचं कसं?

फाल्गुनात जळगाव-धुळ्याकडची हवा एवढी कोरडी असते की तापातला घाम कपड्याला लागायच्या आतच उडून जातो. अंगरखा कोरडाच दिसतो, म्हणून पाणी कमी होतंय हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. ताप आणि जोराचा श्वास यांतून पाणी जात राहतं, घसा दुखतो म्हणून पोर पीत नाही, आणि लहान मुलांना फ्लूमध्ये उलट्या-जुलाबही होतात.

कोरड्या ओठांवरून अंदाज बांधू नका. नाक चोंदलं की पोर तोंडाने श्वास घेतं, त्यामुळे ओठ तसेही सुकतात. गालाच्या आतली बाजू आणि जीभ बघा. तिथेही चिकट कोरडेपणा असेल तर तो खरा. रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, सहा तासांत लघवी नाही किंवा ती गडद पिवळी आहे, याही खुणा आहेत. पोटावर बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली पाहिजे. हळू बसली तर पाणी कमी झालंय.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, लहान २०० मिलीसाठी, पाकिटावर वाचा. एक लिटरची पाण्याची बाटली मापाला उत्तम. उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं पाकीट एकाच वेळी विरघळवा. घरात सर्वांत जास्त चूक इथेच होते: मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं जातं. असं दाट पाणी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ चढतं. उलट, पाणी जास्त झालं तर मीठ-साखर पुरत नाही. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने आत जातात, त्यांच्यामागे पाणी जातं; म्हणून हे प्रमाण मोडायचं नाही. वरून साखर घालू नका, बनवल्यावर उकळू नका, २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

आता पाजायचं. समजा, पोर १६ किलोचं आहे, उलट्या-जुलाबांनी थोडं कोरडं पडलंय, पण शुद्धीवर आहे. चार तासांत किलोमागे ७५ मिली, म्हणजे १२०० मिली. तासाला ३००, मिनिटाला ५ मिली. दर मिनिटाला एक चहाचा चमचा! पेला तोंडाला लावला तर पोट एकदम ताणलं जाऊन उलटी होते, चमच्याने सहसा टिकतं. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

उलट्या-जुलाब नसतील आणि पोर नीट पीत असेल, तर साधं पाणी, पेज, वरणाचं पाणी पुरतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ओआरएस डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. पोर सुस्त पडलं, काहीच पोटात टिकेना, आठ तास लघवी नाही, छाती आत ओढून श्वास घेतंय किंवा ओठ निळे पडलेत, तर चमचा खाली ठेवा आणि त्याला लगेच दवाखान्यात न्या.