डिटेक्टरवरचे ९२ टक्के कसे वाचायचे?

"डिटेक्टरने ९२ टक्के एआय दाखवलंय, म्हणजे निबंध मशीननेच लिहिलाय."

असं ठरवण्याआधी एआयचा मजकूर ओळखणाऱ्या त्या टूलचं मदतपान उघडा. काही टूलमध्ये हा आकडा म्हणजे मजकुरातल्या किती वाक्यांवर संशय आहे त्याचं प्रमाण असतं, तर काहींत टूलला स्वतःच्या अंदाजाची वाटणारी खात्री. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, वाक्यांची लांबी किती सारखी आहे, अशा खुणांवरून बरीच टूल्स अंदाज बांधतात. त्यामुळे साध्या, ठरावीक साच्यात प्रामाणिकपणे लिहिणारी मुलंही त्यात सापडतात.

आता हिशोब करू. समजा २०० निबंध आले, त्यातले २० एआयचे. टूल त्यातले १८ पकडतं आणि स्वतः लिहिलेल्या दर १०० पैकी ५ निबंधांवर चुकून शिक्का मारतं. उरलेल्या १८० मधले ९ निबंध असे अडकतील. म्हणजे शिक्का बसलेल्या २७ पैकी ९, तब्बल एक तृतीयांश, निर्दोष! एआय वापरणारे कमी असतील, तर हा वाटा आणखी वाढतो.

पडताळायचं असेल तर २०२० च्या आधी स्वतः लिहिलेले दहा-बारा लेख त्याच टूलमध्ये टाका. जितके 'एआय' ठरतील तितक्या चुका. मराठी मजकूर असेल तर हे कराच, कारण अनेक टूल्स मुख्यतः इंग्रजीवर बेतलेली आहेत. मोठा आकडा आला तर विद्यार्थ्याशी बोला, कच्चा मसुदा आणि फाइलची व्हर्जन हिस्टरी पाहा. केवळ आकड्यावर गुण कापणं अन्यायाचं आहे.