74 शब्दांचा परिच्छेद, 17 शब्दांचं वाक्य

सॅम्पलिंग बायस, म्हणजे नमुन्यातली अभिनती किंवा एका बाजूचा झुकाव, पाठ्यपुस्तकी मराठीत लिहिली तर साधारण अशी दिसते:

«समष्टीतील सर्व घटकांची नमुन्यात निवड होण्याची संभाव्यता जेव्हा समान नसते, आणि ही संभाव्यता अभ्यासविषय असलेल्या चलाशी सहसंबंधित असते, तेव्हा नमुन्यावरून काढलेल्या अनुमानात पद्धतशीर त्रुटी निर्माण होते, जिला नमुना-अभिनती म्हणतात. ही अभिनती नमुना-चौकट अपुरी असल्यामुळे, काही घटकांनी प्रतिसाद न दिल्यामुळे, अथवा घटकांनी स्वतःहून सहभाग घेतल्यामुळे उद्भवू शकते. यादृच्छिक त्रुटी नमुन्याचे आकारमान वाढवल्यास घटते. मात्र अभिनती घटत नाही, उलट अनुमान अधिक अचूक असल्याचा आभास निर्माण होतो. निवडीची संभाव्यता ज्ञात असल्यास भारांकनाद्वारे ती अंशतः दुरुस्त करता येते.»

पाऊणशेला एक कमी. यात चूक काहीच नाही, फक्त वाचणाऱ्याची दमछाक होते. याचं एक वाक्य करायचं आहे, पण कात्री चालवताना कुठे रक्त निघतं ते कळायला हवं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर जे उरेल ते एका खऱ्या घटनेवर घासून बघू.

घटना 1936 सालची, अमेरिकेतली. राष्ट्राध्यक्षपदाला फ्रँकलिन रूझवेल्ट आणि आल्फ्रेड लँडन उभे होते. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे 1 कोटी लोकांना टपालानं मतपत्रिका पाठवल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतले होते. सुमारे 23 लाख मतपत्रिका भरून परत आल्या. दोघांपुरतं मोजलं तर लँडनला 57 टक्के, रूझवेल्टना 43. प्रत्यक्षात याच हिशेबानं रूझवेल्टना 62 टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली. लँडनच्या वाट्याला दोनच राज्यं आली. उलटा हिशेब केला तर दिसतं, की लँडनच्या मतदाराचं मत या नमुन्यात पोहोचण्याची शक्यता रूझवेल्टच्या मतदाराच्या दुपटीहून थोडी जास्तच होती.

आता पहिली फेरी. भारांकनाचं वाक्य काढलं, कारण तो रोगावरचा उपाय आहे आणि आपल्याला सध्या रोगच सांगायचा आहे. जड शब्दही उतरवले:

«सगळ्यांना नमुन्यात येण्याची संधी सारखी नसेल, आणि ती संधी ज्या गोष्टीची मोजणी चालली आहे तिच्याशीच जोडलेली असेल, तर उत्तर एका बाजूला झुकतं. यादीत काही लोक नसतात, काही उत्तर देत नाहीत, काही हौसेनं देतात. नमुना मोठा केला तरी हा झुकाव जात नाही. चुकीच्या उत्तरावरचा विश्वास मात्र वाढतो.»

हे 46 शब्द झाले, आणि अर्थ जवळपास सगळा शाबूत आहे. शेवटचं वाक्यही उडवावं असं वाटेल. ते का ठेवायचं, हे एका कल्पित हिशेबानं बघू. 1000 लोकांपैकी 500 एखाद्या प्रस्तावाच्या बाजूनं आणि 500 विरोधात आहेत. सगळ्यांना पत्र पाठवलं. बाजूचे दहातले दोन उत्तर देतात, विरोधातले दहातले तीन. म्हणजे 100 होकार आणि 150 नकार, पाठिंबा 40 टक्के. खरं उत्तर होतं 50. आता 1000 ऐवजी 1 लाख पत्रं पाठवा. 10,000 होकार, 15,000 नकार. पुन्हा 40 टक्केच. बदललं ते एवढंच: 250 उत्तरांवर आपण ‘40, सहा टक्के इकडेतिकडे’ म्हणालो असतो, 25,000 उत्तरांवर ‘40, अर्धा-पाऊण टक्का इकडेतिकडे’ असं छातीठोकपणे सांगू. चूक तेवढीच, खात्री दहापट. ‘डायजेस्ट’च्या 23 लाखांचं बळ नेमकं हेच होतं. तेव्हा हे वाक्य राहणार.

दुसऱ्या फेरीत मी घसरलो. पहिल्या वाक्यातली ती मधली अट (‘ती संधी मोजणीशीच जोडलेली असेल’) बोजड वाटली आणि मी असं लिहिलं:

«नमुना सगळ्या लोकांसारखा नसेल तर उत्तर चुकतं, आणि नमुना मोठा करून ते सुधारत नाही.»

छोटं, सुटसुटीत, आणि चूक. कसोटी 1932 सालची. त्याही निवडणुकीत याच साप्ताहिकानं याच धर्तीची पाहणी केली होती. तेव्हाही फोन आणि मोटारी सर्वांकडे नव्हत्याच, म्हणजे नमुना जनतेसारखा नव्हता. तरी अंदाज निकालाच्या अगदी जवळ गेला. कारण तोपर्यंत खिशातला पैसा आणि मत यांचा संबंध सैल होता. पुढच्या चार वर्षांत तो घट्ट झाला, आणि यादीतला तोच जुना वाकडेपणा अचानक महागात पडला. डावखुऱ्यांची संख्या नमुन्यात जास्त झाली म्हणून सरासरी उंची चुकत नाही. डावखुरेपणाचा उंचीशी संबंध असेल तरच चुकेल. म्हणजे मी बोजड म्हणून फेकलेली अट हाच परिच्छेदाचा कणा होता. ती परत घेतली.

तिसऱ्या फेरीत तीन कारणांचं एक करायचं. इथे मोह असा, की सगळ्यात ठळक कारण ठेवावं आणि बाकीची सोडावीत. ‘डायजेस्ट’ची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशीच सांगतात: फोन-मोटारवाल्यांनाच विचारलं म्हणून फसले. हे अर्धसत्य आहे. शिकागोत साप्ताहिकानं फोनची यादी वापरलीच नव्हती. तिथे मतदार यादीतल्या दर तिसऱ्या माणसाला मतपत्रिका गेली होती. साधारण पाचातल्या एकानं ती परत पाठवली आणि त्यांतही निम्म्याहून जास्त मतं लँडनला निघाली. शहरानं मात्र दोन तृतीयांशाच्या आसपास मतं रूझवेल्टना दिली. यादी सरळ होती, उत्तर देणारे वाकडे होते. पुढे 1988 साली पेव्हरिल स्क्वायर या राज्यशास्त्रज्ञानं 1937च्या एका पाहणीतली माहिती पुन्हा तपासली. त्यातून दिसलं, की दोष यादीतही होता आणि न आलेल्या उत्तरांतही; मतपत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी ती परत पाठवली असती तर निदान विजेता तरी बरोबर ओळखला गेला असता.

म्हणजे एक कारण निवडून बाकीची गाळायची, हे चालणार नाही. तिन्हींना सामावणारा शब्द हवा. यादीत असणं, पत्र मिळणं, उत्तर द्यावंसं वाटणं, या सगळ्या पायऱ्या ओलांडून माणूस नमुन्यात ‘पोहोचतो’. ‘निवडला जातो’ म्हटलं की सगळा दोष निवडणाऱ्याच्या माथी येतो. ‘पोहोचतो’मध्ये न बोलणाऱ्यांचीही जागा राहते. एका क्रियापदावर मी बराच वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं.

मग वाक्य झालं: ‘कोण नमुन्यात पोहोचतं याचा त्याच्या उत्तराशी संबंध असेल, तर कितीही जणांना विचारलं तरी चूक तशीच राहते.’ सोळा शब्द. इथेच थांबणार होतो, पण ‘कितीही’ टोचत राहिलं. खरोखर सगळ्यांना विचारलं आणि सगळ्यांनी उत्तर दिलं, तर ती जनगणना झाली आणि चूक उरतच नाही. चूक टिकते ती जुन्याच चाळणीतून आणखी लोक गाळत राहिलो तर. त्यासाठी एक शब्द वाढवावा लागला:

«कोण नमुन्यात पोहोचतं याचा त्याच्या उत्तराशी संबंध असेल, तर त्याच पद्धतीनं आणखी जणांना विचारून चूक जात नाही.»