कमी पगार, जास्त शिकणं (नोकरीची निवड)

दोन ऑफर हातात असताना कमी पॅकेजवाली पण चांगलं काम शिकवणारी घेणं, म्हणजे आजच्या पगारातला काही भाग सोडून ते शिक्षण विकत घेणं. सीएच्या आर्टिकलशिपमधे तुटपुंज्या स्टायपेंडवर राबणारी पोरं हेच करतात.

कल्पना नक्की कोणाची यावर एकमत नाही. काहीजण थेट १७७६ च्या ॲडम स्मिथपर्यंत जातात, त्याने खर्च करून शिकलेल्या माणसाची तुलना महागड्या यंत्राशी केली होती हे खरं, पण तोच स्मिथ लांबलचक उमेदवारीच्या, म्हणजे शिकाऊ म्हणून वर्षानुवर्षं राबण्याच्या, विरोधात होता हे सांगायचं बहुतेक राहूनच जातं. नेमकी मांडणी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरची, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. त्याचं म्हणणं असं की जे कौशल्य कुठल्याही कंपनीत चालतं त्याचा खर्च मालक करणार नाही, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल, मग तो खर्च कामगारच कमी पगार घेऊन उचलतो. १९७२ मधे शेर्विन रोझेनने नोकरी म्हणजे काम आणि शिकणं यांचं एकत्र गाठोडं असं मांडलं, आपल्या विषयाला हेच जास्त जवळचं वाटतं. पुढे १९९० च्या दशकात असेमोग्लू आणि पिश्के यांनी जर्मनीतल्या उमेदवारीवरून दाखवलं की कंपन्यासुद्धा असा खर्च करतात, त्यामुळे पगार कमी म्हणजे शिकायला मिळणारच असं उलटं गणित मांडता येत नाही.

आता एक काल्पनिक हिशोब. पुण्यातल्या एका फ्रेशरला सपोर्टमधे ६ लाख मिळतायत आणि डेव्हलपमेंटमधे ४.८ लाख. पहिल्यात वर्षाला ६ टक्के वाढ धरू, दुसऱ्यात १५ (मधे एखादा जॉब स्विच धरून). चौथ्या वर्षी डेव्हलपमेंटवाला पुढे जातो, ७.३ लाख विरुद्ध ७.१५. लोक इथेच थांबतात आणि फसतात, कारण तोवरच्या एकूण कमाईत तो अजून सव्वादोन लाखांच्या वर मागेच असतो. हा खड्डा भरतो सहाव्या वर्षाच्या शेवटी, तेही जेमतेम. वाढ १५ ऐवजी १० टक्केच निघाली तर सहाव्या वर्षीही त्याचा पगार मागेच राहतो. घरी ईएमआय असेल तर मधली वर्षं काढायची कशी हा प्रश्न वेगळाच.

म्हणजे सगळं त्या वाढीच्या आकड्यावर लटकलेलं, आणि तो ऑफर लेटरमधे नसतो. त्यातल्या त्यात भरवशाची खूण म्हणजे त्याच टीममधून दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेले लोक कुठे आणि कुठल्या कामावर गेले ते बघणं. इंटरव्ह्यूत "पहिले तीन महिने मी नक्की काय करणार" असं विचारल्यावर एचआर "भरपूर एक्स्पोजर मिळेल" एवढंच म्हणाला तर सावध व्हावं. शिवाय जे शिकवणार ते फक्त त्या कंपनीच्या घरच्या सॉफ्टवेअरपुरतं असेल तर बेकरच्याच हिशोबाने त्यासाठी पगार सोडायचं कारण नाही, तो खर्च बराचसा मालकाचा. आणि वर दोन वर्षांचा बाँड असेल तर स्विच धरून मांडलेला वरचा हिशोब परत करावा लागतो.