गटाचे सेंद्रिय प्रमाणीकरण: पात्रता, कागदपत्रे आणि खर्चाचा अंदाज कसा मांडावा

सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी एकत्र आलेला गट खर्चाचा अंदाज काढायला बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तपासणीची फी किती? संस्थेकडून दरपत्रक मागवतात, त्यातला आकडा सभासदांच्या संख्येने भागतात आणि वर्गणी ठरवून मोकळे होतात. वर्ष संपताना मात्र पैसे अपुरे पडतात, कारण गट प्रमाणीकरणातला बराचसा खर्च बाहेरच्या निरीक्षकावर होतच नाही. तो गटाच्या आतल्या तपासणीवर आणि नोंदींवर होतो. हा खर्च आधी मांडून मगच अर्ज भरावा.

त्यासाठी मुळात पद्धत काय आहे ते पाहू. एकट्या शेतकऱ्याने प्रमाणपत्र घ्यायचे तर निरीक्षक दरवर्षी त्याच्या शेतावर येतो आणि पूर्ण फी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर बसते. गटात प्रमाणपत्र गटाच्या नावे असते. गट स्वतः दरवर्षी प्रत्येक सभासदाचे शेत तपासतो. याला अंतर्गत नियंत्रण व्यवस्था म्हणतात. बाहेरची प्रमाणीकरण संस्था ही व्यवस्था नीट चालते का ते बघते आणि खात्रीसाठी काही निवडक शेते पुन्हा तपासते. फी वाचते ती इथे. पण त्या बदल्यात तपासणीचे काम गटाच्या अंगावर येते. आणखी एक गोष्ट सभासदांना पहिल्याच बैठकीत सांगावी: प्रमाणपत्र गटाचे असल्यामुळे त्याच्या जोरावर कोणालाही स्वतंत्रपणे बाहेर माल विकता येत नाही.

पात्र कोण

माल कोणत्या बाजारात विकायचा ते आधी ठरवा, कारण नियम त्यावर अवलंबून आहेत. भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात गटाला किमान 25 आणि कमाल 500 सभासदांची मर्यादा आहे. युरोपीय संघाच्या 2018/848 या नियमानुसार गट ही कायदेशीर संस्था असावी लागते आणि त्यात 2000 पेक्षा जास्त सभासद चालत नाहीत. शिवाय सभासद खरोखर लहान शेतकरी असावा लागतो: त्याची जमीन जास्तीत जास्त 5 हेक्टर असावी, किंवा वैयक्तिक प्रमाणीकरणाचा खर्च त्याच्या सेंद्रिय उलाढालीच्या 2 टक्क्यांहून जास्त होत असावा आणि ती उलाढाल 25,000 युरोच्या आत असावी. बाकी अट सगळीकडे साधारण सारखी आहे. शेते एकमेकांच्या जवळ हवीत, पिके आणि लागवडीची पद्धत मिळतीजुळती हवी, आणि विक्री एकत्र हवी. चार दिशांना विखुरलेले, चार वेगवेगळी पिके घेणारे लोक केवळ फी वाटून घेण्यासाठी एकत्र आले, तर अर्ज कागद तपासतानाच अडकतो.

माल फक्त जवळच्या बाजारात विकायचा असेल तर सहभाग हमी पद्धतीचा विचार करा. त्यात सभासदच एकमेकांची शेते तपासतात आणि बाहेरच्या निरीक्षकाची मोठी फी लागत नाही. निर्यातीसाठी मात्र ती सहसा उपयोगाची नाही.

कागदपत्रे

अर्जाबरोबर संस्थेची नोंदणी, सभासदांची यादी, प्रत्येकाचा जमिनीचा दाखला, शेताचा नकाशा आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लागतात. प्रत्येक सभासदाशी लेखी करारनामा हवा. त्यात नियम पाळण्याची हमी आणि तपासणीला शेत खुले ठेवण्याची संमती, दोन्ही हवे. गटाची अंतर्गत नियमावली हवी: काय चालते, काय चालत नाही, चूक झाली तर काय शिक्षा. मागच्या तीन वर्षांत शेतात काय टाकले याचा इतिहासही लागतो, कारण रूपांतर काळ, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे येण्याचा कालावधी, त्यावरून मोजला जातो. भारत आणि युरोपच्या नियमांत हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीपूर्वी तीन वर्षे असा हा काळ आहे.

इतिहासाचा हा कागद सगळ्यात निष्काळजीपणे भरला जातो. ‘काही वापरले नाही’ एवढेच लिहून सही घेतात. खताच्या जुन्या पावत्या, कर्जाच्या नोंदी किंवा शेजाऱ्याचे म्हणणे याच्याशी ते जुळले नाही की त्या शेताचा रूपांतर काळ नव्याने सुरू होतो. शेताच्या कोणत्या तुकड्यात काय टाकले ते वर्षवार लिहिले, त्यातले रासायनिक खतही लपवले नाही, तर तो कागद टिकतो.

अंदाजपत्रक मांडताना

रक्कम जागोजागी बदलते, म्हणून आधी दिवस मोजा, दर नंतर लावा. समजा, एका गटात 120 सभासद आहेत, चार वस्त्यांत विभागलेले. अंतर्गत निरीक्षकाच्या एका दिवसाचा मोबदला म्हणजे एक एकक धरू. बाकीच्या खर्चांचे इथले प्रमाण हिशेबापुरते गृहीत धरले आहे. तुमचे दरपत्रक आले की ते बदलून घ्या.

बाहेरच्या तपासणीपासून सुरुवात करू. अमेरिकेच्या नियमानुसार, 2024 पासून, सभासदसंख्येच्या वर्गमुळाच्या 1.4 पट किंवा 2 टक्के, यातला मोठा आकडा जितका येईल तितकी शेते बाहेरच्या निरीक्षकाने पाहायची असतात. जास्त जोखमीचे सभासद असतील तर ते सगळे पाहावे लागतात. 120 चे वर्गमूळ साधारण 10.95, त्याची 1.4 पट 15.3, म्हणजे 16 शेते. युरोपच्या नियमात 5 टक्के, पण किमान 10 सभासद. शिवाय 2 टक्के सभासदांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, म्हणजे इथे 3. बाजार पक्का झाला नसेल तर मोठा आकडा धरा: 16 शेते, 3 नमुने. दिवसाला चार शेते धरली तर 4 दिवस, कार्यालयातील नोंदी व गोदामासाठी 2, प्रवास आणि अहवालाचे 4, असे 10 दिवस होतात. बाहेरच्या निरीक्षकाचा दिवस गटाच्या निरीक्षकाच्या सहापट धरला तर 60 एकके. नोंदणी व प्रमाणपत्राची ठरावीक फी 25, नमुन्यांचे 24. एकूण 109.

आता आतली बाजू. 120 शेते, दिवसाला चार, म्हणजे 30 दिवस. फॉर्म पूर्ण करणे आणि अडलेल्या ठिकाणी पुन्हा जाणे यासाठी आणखी 15, म्हणजे 45. निरीक्षकाने स्वतःचे किंवा नातेवाइकाचे शेत तपासायचे नसते, म्हणून एका-दोघांवर भागत नाही. चार जण तयार करावे लागतात. त्या चौघांच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचे, त्यांच्या दिवसांसह, 21 आणि चार वस्त्यांत सभासदांसाठी दोन-दोन सत्रांचे 24, असे प्रशिक्षणाचे 45. नोंदींसाठी प्रत्येक सभासदाच्या फाइलला वर्षाला तीनेक तास धरले तर 45 दिवस, आणि काढणीच्या हंगामात खरेदी वही व लॉट नोंदीसाठी 30, असे 75. नकाशे, वह्या आणि छपाईचे 15. आतली बेरीज 180.

एकूण 289. त्यावर दहा टक्के राखीव धरले तर 318. यात प्रमाणीकरण संस्थेला जाणारे 109, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. फक्त दरपत्रक पाहून वर्गणी ठरवणारा गट उरलेले दोन तृतीयांश विसरतो, आणि मग अंतर्गत निरीक्षक फुकट राबतात. फुकट काम किती दिवस नीट होईल?

त्याचे उत्तर फायलींतच दिसते. एकाच निरीक्षकाचे चौदा अहवाल एकाच तारखेचे, एकाच पेनाने लिहिलेले, प्रत्येकात ‘दोष नाही’. बाहेरचा निरीक्षक असे गठ्ठे पहिल्यांदा उघडतो. मग तो अंदाजे उत्पादन आणि प्रत्यक्ष आवक जुळवून बघतो. समजा, 47 क्रमांकाच्या सभासदाचे अंदाजे उत्पादन 18 क्विंटल लिहिले आहे आणि खरेदी वहीत 26 क्विंटल जमा. वरचे 8 क्विंटल कुठून आले? अंदाज काढणीआधी शेतात उभे राहून काढला असेल आणि तफावतीचे कारण तेव्हाच लिहिले असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो. नसेल तर शंका एका सभासदापुरती राहत नाही. अंतर्गत व्यवस्थाच कच्ची आहे असे ठरले तर प्रमाणपत्र संपूर्ण गटाचे जाते. म्हणून 75 एककांच्या नोंदींत काटछाट करू नका. काटायचेच असेल तर छपाईत काटा.

दरपत्रक मागवताना संस्थेला पाच गोष्टी लेखी विचारा. प्रवासाचे दिवस फीत धरले आहेत का, अहवाल लिहिण्याचे पैसे वेगळे आहेत का, नमुना चाचणीचे पैसे कोणी भरायचे, दोष दुरुस्त झाल्यावरची फेरतपासणी कोणत्या दराने, आणि माल विकताना लागणाऱ्या व्यवहार प्रमाणपत्राला प्रत्येक लॉटमागे किती. शेवटचा खर्च वर्षाला बांधलेला नसतो. माल लहान लहान खेपांत गेला तर तो वाढत जातो, म्हणून तो विक्रीच्या किमतीतून वजा करा, वर्गणीत घालू नका.

वर्गणीबद्दलही एक हिशेब आधीच करावा. रूपांतर काळात तपासणी आणि नोंदी चालूच असतात, म्हणजे खर्च होत राहतो. पण माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही आणि जास्तीचा भावही मिळत नाही. म्हणून पहिल्या दोन किंवा तीन वर्षांचा पूर्ण खर्च वर्गणी, अनुदान किंवा कर्जातून उभा करायची सोय अर्जापूर्वी झालेली हवी. प्रति सभासद खर्च वरच्या उदाहरणात 2.65 एकके येतो. हाच गट 60 जणांचा असता तर 1.4 च्या नियमाने 11 शेते तपासावी लागली असती, आणि प्रमाणपत्राची ठरावीक फी तेवढीच राहिली असती. सभासद निम्मे झाले तरी खर्च निम्मा होत नाही, म्हणून गळतीचा अंदाज घेऊनच माणशी आकडा जाहीर करा.

अर्जाचा क्रम

संस्था निवडून दरपत्रक घेणे, करार, अर्ज आणि कागदपत्रे, संस्थेची कागदी छाननी, मग प्रत्यक्ष तपासणी, दोष असल्यास दुरुस्तीची मुदत, शेवटी निर्णय. यातली कागदपत्रे अद्ययावत करणे आणि तपासणी दरवर्षी पुन्हा करायची असते. संस्था अधिकृत मान्यताप्राप्त आहे का हे तिच्या मान्यतापत्रावरून तपासा, आणि तुमचे पीक व बाजार त्या मान्यतेत येतो का तेही बघा.

बाहेरच्या तपासणीची तारीख उभ्या पिकात येईल अशा बेताने अर्ज द्या. काढणी झालेल्या रानात निरीक्षकाला पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही. त्याआधी प्रत्येक शेताची अंतर्गत तपासणी पूर्ण होऊन तिचे अहवाल फायलीत असावे लागतात. म्हणजे वरचे 45 दिवस बाहेरच्या तपासणीच्या तारखेपासून उलटे मोजायचे आणि अंतर्गत निरीक्षकांचे प्रशिक्षण त्याच्याही आधी बसवायचे.