तीन हजार सहाशे रुपये कोणाचे? किंमत-तफावत आणि वापर-तफावत यांची पार्श्वभूमी

प्रमाण परिव्यय, म्हणजे खर्च किती यायला हवा ते आधी ठरवून प्रत्यक्ष खर्च त्याच्याशी ताडण्याची पद्धत, अमेरिकन कारखान्यांत अभियंत्यांनी रुजवली. एका नगाला माल किती लागायला हवा, हे त्यांनी मोजून ठरवले. या दोन खर्चांतल्या फरकाची, म्हणजे तफावतीची, सूत्रे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस छापून आली. भारतात परिव्यय लेखापालांच्या व्यवसायाला १९५९च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. मुक्तीनंतर इथल्या महाविद्यालयांत हा विषय मुंबईच्या अभ्यासक्रमातून आला, आणि सूत्रांबरोबर एक न सुटलेला वादही आला.

तो वाद समजायला गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या काजू कारखान्याचे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. एक किलो गरासाठी चार किलो बी लागते आणि बीचा दर किलोला १२० रुपये, हे प्रमाण ठरले. बजेट १,२०० किलो गराचे होते, प्रत्यक्षात १,००० किलोच निघाला. खरेदीदाराने हंगामात किलोला ११२ रुपये दराने स्वस्त बी घेतली, पण ती ओलसर निघाली आणि तिच्यात पोकळ बियाही बऱ्याच होत्या. १,००० किलो गरासाठी ४,४५० किलो बी खर्ची पडली.

सुरुवातीचीच चूक अशी की काही जण वापराची तुलना बजेटशी करतात. बजेटात ४,८०० किलो बी होती, लागली ४,४५०, म्हणजे ३५० किलो वाचली! हा निष्कर्ष साफ खोटा आहे. गर जेवढा निघाला तेवढ्यालाच बी मंजूर धरायची, म्हणजे ४,००० किलो. त्या हिशेबाने ४५० किलो जास्त गेली.

प्रमाण खर्च ४,८०,००० रुपये, प्रत्यक्ष खर्च ४,९८,४०० रुपये, एकूण तफावत १८,४०० रुपये प्रतिकूल. तिची फोड करताना रुळलेली रीत अशी: दरातला आठ रुपयांचा फरक वापरलेल्या सगळ्या ४,४५० किलोंवर लावायचा. तो ३५,६०० रुपये अनुकूल येतो; ही किंमत-तफावत. जास्त गेलेली ४५० किलो मात्र प्रमाण दराने मोजायची, ती ५४,००० रुपये प्रतिकूल; ही वापर-तफावत.

घोळ आहे तो इथे. कारखान्याने ४५० किलो बी वाया घालवली नसती, तर खरेदीदाराच्या नावावर ३२,००० रुपयेच जमा झाले असते. उरलेले ३,६०० रुपये आठ रुपये आणि ४५० किलो यांच्या गुणाकारातून आले आहेत. नासाडी वाढली तसे खरेदीचे श्रेयही वाढले. म्हणून काहींनी हा तुकडा ‘संयुक्त तफावत’ म्हणून वेगळा काढावा असे सुचवले. रुळलेल्या रीतीने तो किंमत-तफावतीत टाकला, कारण वापराचा आकडा दराच्या चढउतारापासून स्वच्छ राहावा. कारखान्यातल्या पर्यवेक्षकाच्या हातात दर नसतो, त्यामुळे हा निर्णय त्याच्यापुरता योग्य आहे. पण खरेदीदाराची कामगिरी याच आकड्यावर जोखायची असेल, तर तुकडा वेगळा दाखवला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वादाची आणखी एक शाखा वेळेची. किंमत-तफावत खरेदीच्या दिवशी मोजायची, की माल वापरताना? गोव्यात बी मुख्यतः मार्च ते मे या काळात येते आणि कारखाना ती पुढे कित्येक महिने फोडतो. ही बी १०,००० किलो घेतली असेल, तर पहिल्या रीतीने मेपर्यंतच ८०,००० रुपये अनुकूल दिसतात, दुसऱ्या रीतीने महिन्यामागून महिना थोडे थोडे. पहिली रीत खबर लवकर देते, आणि खबर उशिरा मिळाली तर तिचा उपयोग काय? पण वर्षअखेरीस शिल्लक बी १२० रुपयांनीच धरून राहिली तर साठा फुगलेला राहतो. लेखा मानकांची अट अशी की प्रमाण खर्च वास्तवाच्या जवळ असेल तरच तो साठ्याला चालतो. अवाजवी नासाडी साठ्यात मिसळता येत नाही.

‘अनुकूल’ म्हणजे फक्त प्रमाणापेक्षा कमी खर्च. बी चांगली होती, असे तो शब्द सांगत नाही. इथे स्वस्त बीमुळेच नासाडी झाली का, हे तफावतीच्या आकड्यांत दिसत नाही. ते दारावरच्या नमुन्यात दिसते: गोणींतून मूठमूठ बी घेऊन कापायची, भरीव, डागी आणि पोकळ मोजायची, उन्हात वाळवून वजन किती उतरते ते पाहायचे. नमुना खराब आणि वापर-तफावत मोठी, तर मूळ खरेदीत. नमुना चांगला असूनही बी जास्त लागली, तर भाजणी आणि फोडणीकडे वळायचे. १९८०च्या दशकापासून या पद्धतीवर टीका वाढली ती याही मुद्द्यावर, की खरेदी आणि उत्पादन ही दोन खाती आपापला आकडा सांभाळतात आणि गराचा एकूण खर्च मात्र वाढतो. या उदाहरणात तो किलोमागे १८ रुपये ४० पैशांनी वाढला.