पार्श्वभूमी: ‘लाइन सुरू झाली’ म्हणजे दोष सुधारला का?

एसएलए, म्हणजे सेवेच्या दर्जाची करारातली हमी, वारंवार मोडणाऱ्या इंटरनेट व्हेंडरला नोटीस देताना पेनल्टीवर जेवढी घासाघीस होते, तेवढी दुरुस्तीच्या मुदतीवर, म्हणजे क्युअर पीरियडवर, होत नाही. खरा घोळ मात्र तिथेच असतो.

पेनल्टीच्या कायद्याचं मूळ 1872 च्या करार कायद्यात आहे. इंग्लंडमधली न्यायालयं खरी नुकसानभरपाई आणि धाक दाखवणारा दंड यांत भेद करत. आपल्याकडे कलम 74 ने तो भेद बाजूला ठेवला: करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, तिच्या आत वाजवी भरपाई. 1899 च्या दुरुस्तीने या कलमाची व्याप्ती दंडाच्या इतर अटींपर्यंत वाढवली. पुढे 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नुकसान मोजणं अवघड असेल तिथे आधीच ठरलेला वाजवी आकडा पुराव्याविना मिळू शकतो. 2015 मध्ये त्याच न्यायालयाने आठवण करून दिली, की नुकसान मुळात झालेलंच नसेल तर भरपाई नाही. व्हेंडर दुसऱ्या निकालावर बोट ठेवतात. इंटरनेट बंद पडल्याने कारखान्याचं नेमकं किती बुडालं हे कोण सांगणार? म्हणून माझ्या मते पहिला निकाल अशा करारांना जास्त जवळचा.

आता हिशेब. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना धरू. लीज्ड लाइनचं, म्हणजे फक्त कारखान्यासाठी घेतलेल्या इंटरनेट जोडणीचं, भाडं महिना 40,000 रुपये, अपटाइमची, म्हणजे लाइन चालू राहण्याच्या वेळेची, हमी 99.5 टक्के. त्याखाली 99 पर्यंत 5 टक्के कपात, 99 च्या खाली 98 पर्यंत 10, त्याहून खाली 20. एप्रिलच्या 720 तासांत लाइन 9 तास बंद, म्हणजे 98.75 टक्के, कपात 4,000. मेच्या 744 तासांत 5 तास बंद, 99.33 टक्के, कपात 2,000. जूनमध्ये 18 तास बंद, 97.5 टक्के, कपात 8,000. एकूण 14,000, जीएसटी धरण्याआधीच्या भाड्यावर.

व्हेंडर म्हणतो, जूनचे 6 तास नियोजित देखभालीचे होते, ते वगळा. वगळले तर अपटाइम 98.3 च्या आसपास जातो आणि कपात निम्मी होते. पण करारात देखभालीची सूचना 48 तास आधी हवी होती, आणि मेल आला त्याच रात्री नऊला, काम सुरू होण्याच्या तीन तास आधी. मग ते तास डाउनटाइममध्येच धरायचे. अशा वेळी तक्रारीच्या टिकिटाचा नंबर, ते उघडल्याची आणि बंद झाल्याची वेळ आणि राउटरचा लॉग नोटिशीला जोडला, की तोंडी वाद उरत नाही.

क्युअर पीरियडची कल्पना एकदाच्या चुकीसाठी आली: माल कमी आला, 30 दिवसांत पूर्ण करा. सेवेला ती तशीच चिकटवली आणि गोंधळ झाला. लाइन तुटली, सहा तासांत जोडली. व्हेंडरच्या लेखी दोष त्याच दिवशी संपला. पुढच्या महिन्यात पुन्हा तुटली तर तो नवा दोष, नवी 30 दिवसांची मुदत. असं करत वर्ष निघून जातं आणि करार रद्द करण्याचा हक्क कागदावरच राहतो. रस्ता खोदताना केबल तुटली, आमचा काय दोष, हे उत्तरही प्रत्येक वेळी तयार असतं.

म्हणून हल्लीच्या करारांत दोन कलमं वेगळी दिसतात. एक, सलग सहा महिन्यांत तीनदा भंग झाला तर तोच स्वतंत्र दोष मानायचा, प्रत्येक वेळची लाइन जोडली गेली असली तरी. दुसरं, सुधारणा म्हणजे काय ते आकड्यात लिहायचं. आपल्या उदाहरणात नोटीस 9 जुलैला पोचली, मुदत 8 ऑगस्टला संपते. या 30 दिवसांत डाउनटाइम 3 तास 36 मिनिटांच्या आत राहिला पाहिजे आणि दुसऱ्या मार्गाने केबल आणून कारणमीमांसेचा अहवाल दिला पाहिजे. नुसतं ‘लाइन चालू आहे’ हे उत्तर पुरत नाही. आधीची बिलं निमूट भरली म्हणून हक्क सोडलेला नाही, हेही नोटिशीत लिहायचं. नाहीतर त्या भरण्यालाच संमती म्हणतात.

यात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्याचीही भर पडते. व्हेंडर नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते, नाहीतर सेवा स्वीकारली असं धरलं जातं, आणि करार असला तरी पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 2023-24 आर्थिक वर्षापासून अशी मुदत उलटलेली देणी प्रत्यक्ष भरेपर्यंत आयकरात खर्च म्हणून चालत नाहीत. जूनची सेवा 30 तारखेला संपली, हरकत 9 जुलैला पोचली, म्हणजे वेळेत. एप्रिल-मेच्या बिलांवर तशी हरकत नव्हती, ती भरूनही झाली होती, पण त्यांवरच्या कपातीचा हक्क सोडलेला नाही हे नोटिशीत लिहिलं आहे. त्यामुळे तिन्ही महिन्यांचे 14,000 जूनच्या बिलातून वजा करून उरलेले 26,000 आणि त्यावरचा जीएसटी वेळेत चुकता करायचा, आणि कपातीची क्रेडिट नोट व्हेंडरकडून मागून घ्यायची.